फंड खरेदीने तुडुंब भरलेत, म्हणून सोनं पडणार का?

"मी ३१ वर्षांचा, सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलंय आणि तिच्यासाठी दहा तोळे सोनं घ्यायचंय. बाबा आणि आत्या म्हणतात, आत्ताच घेऊन टाकू. पण मी वर्षभर अमेरिकेतला सीओटी अहवाल दर आठवड्याला बघतोय. सोन्यात फंडांची निव्वळ खरेदी, म्हणजे खरेदी वजा विक्री, तीन वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचलीय आणि बँका प्रचंड शॉर्ट आहेत. घेणारे सगळे घेऊन बसले, आता वर कोण नेणार? भाव पडणार हे मला स्पष्ट दिसतंय. म्हणून मी बाबांना थांबवलंय, आणि एमसीएक्सवर गोल्ड मिनीचा एक लॉट शॉर्ट करावा असंही मनात आहे. बाबा म्हणतात, 'अमेरिकेतल्या कागदावर आपण लग्नाची खरेदी अडवायची का?' कोणाचं बरोबर?"
(एक वाचक, सोलापूर)

नमस्कार,

अमेरिकेकडे नंतर वळू. आधी घरातला हिशेब मांडते, कारण तुमच्या पत्रात तोच कुठे दिसत नाही.

तुम्हाला वैशाखात दहा तोळे सोनं लागणार आहे. आता सराफ तोळा दहा ग्रॅमचा धरतात, म्हणजे शंभर ग्रॅम. ते अजून घरात नाही, पण देणं मात्र पक्कं आहे. बाजाराच्या भाषेत याला एकच नाव आहे: तुमचं घर शंभर ग्रॅम सोन्यात शॉर्ट आहे. भाव चढला की तुमचं नुकसान, उतरला की फायदा. हा सौदा कोणत्याही ब्रोकरकडे नोंदलेला नाही. तो मुहूर्ताच्या तारखेने उभा केलेला आहे, आणि ती तारीख भाव बघून पुढे ढकलता येत नाही.

आता योगायोग बघा. एमसीएक्स या आपल्या वायदे बाजारातल्या गोल्ड मिनी कराराचा एक लॉट नेमका शंभर ग्रॅमचा असतो. तो शॉर्ट केलात की तुम्ही दोनशे ग्रॅम शॉर्ट झालात. समजा लग्नापर्यंत दहा ग्रॅममागे भाव पाच हजार रुपयांनी वाढला. गोल्ड मिनीत पन्नास हजारांचा तोटा, आणि सराफाकडे त्याच दहा तोळ्यांना पन्नास हजार जास्त. एकाच चुकीची दोनदा किंमत. भाव पाच हजारांनी पडला तर दोन्हीकडून फायदा होईल हे खरं, पण म्हणूनच याला पैज म्हणायचं, सावधगिरी नाही. कुणाला वाटेल की बाबांना थांबवणं हा काहीच न करण्याचा, सुरक्षित पर्याय आहे. तसं नाही. थांबणं हीच तुमची पहिली मंदीची पोझिशन आहे आणि ती तुम्ही घेऊन बसला आहात.

एक पोटप्रश्न विचारते. आत्यांकडचं किंवा आईचं जुनं सोनं मोडीत घालून काही दागिने करायचे आहेत का? असतील, तर तेवढ्या वजनापुरते तुम्ही शॉर्ट नाही. भाव वाढला तर मोडीचाही वाढतो. फक्त घट आणि घडणावळ पदरची जाते. चाळीस ग्रॅम मोड असेल तर तुमची खरी जोखीम साठ ग्रॅमची आहे. हा आकडा आधी काढा. त्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहील.

आता त्या सीओटी, म्हणजे 'कमिटमेंट्स ऑफ ट्रेडर्स', अहवालाकडे येऊ. तुम्ही तो नेमाने वाचता, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतली वायदे बाजाराची नियामक संस्था, सीएफटीसी, मंगळवारच्या बंद भावाच्या वेळी कोणाच्या हातात किती वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे किती करार होते हे शुक्रवारी दुपारी जाहीर करते. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची मध्यरात्र उलटून शनिवार लागलेला असतो. cftc.gov या संकेतस्थळावर सोन्याचा कोड 088691 आहे. एक करार शंभर ट्रॉय औंसांचा, म्हणजे साधारण ३.११ किलोचा. दोनशेपेक्षा कमी करार असणाऱ्यांची नावनिशी वेगळी होत नाही, ते सगळे 'छोटे' या एका रकान्यात जातात.

अहवालाची दोन रूपं आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. जुन्या रूपात मोठ्या व्यापाऱ्यांचे दोनच गट आहेत: कमर्शियल, म्हणजे धंद्यातली जोखीम झाकणारे, आणि नॉन-कमर्शियल, म्हणजे भावावर पैज लावणारे. २००९ पासून मिळणाऱ्या सविस्तर रूपात चार आहेत: उत्पादक आणि व्यापारी, स्वॅप डीलर म्हणजे प्रामुख्याने बँका, मॅनेज्ड मनी म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा फिरवणारे फंड, आणि 'इतर मोठे'. 'फंडांची खरेदी तीन लाखांवर' असं कोणी लिहिलं तर ते बहुधा जुन्या रूपातला नॉन-कमर्शियलचा आकडा सांगत असतात. त्यात फंडांसोबत ते 'इतर मोठे'ही आले. मॅनेज्ड मनीचा आकडा त्याहून बराच कमी असतो. टेलिग्रामवरच्या तक्त्यात या आठवड्यात एक आणि मागच्या आठवड्यात दुसरा आकडा लावलेला मी स्वतः पाहिला आहे. तुम्ही कोणता बघता ते ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

बँकांच्या शॉर्टबद्दल तुमचा समज मला जरा तपासावासा वाटतो. त्या प्रचंड शॉर्ट आहेत, म्हणजे त्यांना काही आतलं कळलंय, असं तुम्ही सुचवता. पण वायद्यात प्रत्येक खरेदीसमोर एक विक्री असतेच, दोन्ही बाजू कायम समान. फंड लाखो करार खरेदी करून बसले तर कोणीतरी तेवढे विकलेले असणारच, आणि ते कोणीतरी म्हणजे बव्हंशी स्वॅप डीलर आणि व्यापारी. त्यांच्यातल्या अनेकांकडे लंडनच्या तिजोरीत विटा असतात किंवा ग्राहकाशी केलेला उलट सौदा असतो. न्यूयॉर्कमधली विक्री म्हणजे त्या मालाची जोखीम झाकणं असतं. आपल्या सराफ बाजारातला एखादा पेढीवाला दोन किलो माल काउंटरवर ठेवून एमसीएक्सवर दोन किलो विकून ठेवतो, तेव्हा तो मंदीवाला झाला असं आपण म्हणत नाही. त्याची पोझिशन अर्धीच दिसली तर तो मंदीवाला वाटेल, आणि हा अहवाल नेमकी अर्धीच दाखवतो. म्हणून बँकांचा शॉर्ट हा वेगळा पुरावा नाही. फंडांच्या खरेदीचीच ती उलट बाजू आहे. तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजली आहे.

मग गर्दीला काही अर्थ नाही का? आहे. तीन लाख करार म्हणजे किती, याचा अंदाज घ्या: सुमारे ९३३ टन. २०२४ मध्ये अख्ख्या भारताने दागिने, नाणी, विटा मिळून घेतलेलं सोनं ८०० टनांच्या आसपास होतं. एवढी कागदी खरेदी मार्जिनवर, म्हणजे थोडी अनामत भरून, उभी असते. शिवाय त्यातले बरेच फंड सारख्याच नियमांवर चालतात, भाव अमुक पातळीखाली गेला की विका. त्यामुळे घसरण सुरू झाली तर दार अरुंद आणि बाहेर पडणारे फार, अशी अवस्था होते. गर्दी हेच सांगते: पडला तर जोरात पडेल. कधी पडेल, आणि पडेलच का, हे ती सांगत नाही. तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न एक झाले आहेत.

२०१६ चं वर्ष घेऊन दाखवते, कारण गर्दी म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

वर्षाच्या सुरुवातीला सोनं औंसाला १,०६० डॉलरच्या आसपास होतं. व्याजदर वाढणार नाहीत असं वाटू लागलं आणि फंड आत शिरले. मे महिन्याच्या सुरुवातीला नॉन-कमर्शियलची निव्वळ खरेदी अडीच लाख करारांच्या पुढे गेली. तीन वर्षांतला उच्चांक. तुमच्या नियमाने तेव्हाच इशारा मिळाला असता, भाव १,२९० च्या जवळपास असताना. त्यानंतर महिन्याभरात भाव १,२०० च्या वर कसाबसा टेकला. म्हणजे इशारा बरोबर ठरला? तिथे सौदा कापून नफा घेतला असता, तर हो. पण 'अजून पडेल' म्हणून थांबलेल्याचं काय झालं? जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ६ जुलैला भाव १,३७५ च्या आसपास पोचला. आदल्या दिवशीच्या, ५ जुलैच्या मंगळवारी निव्वळ खरेदी तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास होती. तोवरचा विक्रम, आणि एकूण उभ्या करारांच्या जवळजवळ निम्मी. मे महिन्यातला उच्चांक त्यापुढे ठेंगणा ठरला. तीन वर्षांतला उच्चांक हा शेवटचा उच्चांक आहे की वाटेतला, हे त्या आठवड्यात कुणालाच दिसत नाही.

आता इथून पुढचं लक्ष देऊन वाचा. विक्रमी गर्दी झाली आणि लगेच भाव कोसळला असं घडलं नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने भाव १,३०० ते १,३७५ च्या पट्ट्यात घुटमळला. गर्दीही फारशी हटली नाही, सप्टेंबरअखेर निव्वळ खरेदी अजून अडीच लाखांच्या वर होती. मग ४ ऑक्टोबरला भाव एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त पडला आणि १,३०० च्या खाली गेला. अमेरिकेत व्याजदर वाढण्याची चर्चा पुन्हा तापली होती आणि डॉलर वधारत होता. त्या आठवड्यात चीनचे बाजार राष्ट्रीय सुटीमुळे बंद होते, म्हणजे घसरणीत हात पुढे करणारा नेहमीचा खरेदीदारही जागेवर नव्हता. १,३०० खाली फंडांचे स्टॉपलॉस, म्हणजे ठरल्या पातळीला आपोआप सुटणारे विक्रीचे आदेश, लागलेले. एक तुटला, त्याने दुसरा तोडला. पुढच्या मंगळवारपर्यंत निव्वळ खरेदी दोन लाखांच्या आसपास आली, आणि डिसेंबरच्या मध्यात भाव १,१२५ च्या खाली-वर होता. जुलैच्या शिखरापासून साधारण अठरा टक्के खाली.

ठिणगी बाहेरून आली, गर्दीने फक्त इंधन पुरवलं. आणि ४ ऑक्टोबर हा मंगळवारच होता. त्या दिवशी कोण किती सुटलं हे जगाला शुक्रवारी कळलं. त्याआधीच्या शुक्रवारचा अहवाल बघणाऱ्याला तीच जुनी गर्दी दिसत होती, जी तीन महिने दिसत होती.

आता याच्या शेजारी २०२४ ठेवा. सप्टेंबरच्या अखेरीस नॉन-कमर्शियलची निव्वळ खरेदी पुन्हा तीन लाखांच्या वर, जवळजवळ २०१६ च्याच पातळीला. तीन वर्षांतला नीचांक शून्य आणि उच्चांक शंभर अशा पट्टीवर मोजलं तर शंभरपैकी शंभर. भाव २,६५० डॉलरच्या आसपास. ऑक्टोबरअखेर तो २,७९० च्या जवळ गेला, अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर नोव्हेंबरच्या मध्यात २,५५० च्या आसपास आपटला. म्हणजे गर्दीचा धक्का इथेही बसला, दोन आठवड्यांत आठ-नऊ टक्के. पण तिथून तो सावरला आणि वर्षभराने, २०२५ च्या सप्टेंबरअखेर, ३,७०० च्या वर होता.

तोच अहवाल, तीच पट्टी, आकडाही जवळपास तोच. एकदा अठरा टक्के खाली, एकदा वर्षभरात चाळीस टक्के वर. फरक अहवालाच्या बाहेर होता. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. त्याआधीच्या दशकात हे प्रमाण सरासरी याच्या निम्म्याच्या आसपास होतं. या बँका न्यूयॉर्कच्या वायद्यात गर्दी करत नाहीत. त्या लंडनमध्ये विटा घेतात किंवा आपल्याच देशातल्या खाणीतून उचलतात. फंड विकायला निघाले तेव्हा खाली घेणारं कोणीतरी होतं. 'आता वर कोण नेणार' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर, निदान त्या वर्षी, सीओटीच्या कोणत्याच रकान्यात नव्हतं.

तुम्ही अहवाल वाचणं सोडू नका. पण निव्वळ आकड्यावर थांबू नका, कारण दोन अगदी वेगळ्या घटना त्यात सारख्या दिसतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. मागच्या आठवड्यात फंडांची खरेदी १,८०,००० आणि विक्री ५०,०००, म्हणजे निव्वळ १,३०,०००. या आठवड्यात खरेदी १,८२,००० आणि विक्री २५,०००, निव्वळ १,५७,०००. निव्वळ आकडा सत्तावीस हजारांनी वाढला, व्हॉट्सॲपवर 'फंडांची तुफान खरेदी' असा मथळा फिरेल. प्रत्यक्षात नवी खरेदी दोनच हजारांची. उरलेले पंचवीस हजार म्हणजे मंदीवाल्यांनी घाबरून आपले सौदे मिटवले. हे शॉर्ट कव्हरिंग. ते संपलं की भावाला वर ढकलणारा तो जोर संपतो, पण तेजीवाल्यांची नवी गर्दी मात्र झालेली नसते. उलट विक्री जागेवर राहून खरेदीच सत्तावीस हजारांनी वाढली असती, तर मार्जिनवर नवी माणसं आत आली असं म्हणता आलं असतं. खरी गर्दी ती.

त्याच पानावर खाली व्यापाऱ्यांची संख्या असते, ती फार कमी लोक बघतात. खरेदीचे करार वाढले आणि खरेदीदारांची संख्या तेवढीच राहिली, तर मोजक्या लोकांनी वजन वाढवलंय. ते सुटले तर झटका मोठा. शिवाय करारांची तुलना एकूण उभ्या करारांशी करा, नुसत्या जुन्या आकड्याशी नको. बाजार मोठा झाला की दोन लाखांचं वजन तेवढं राहत नाही.

आणि भावाकडे बघा. गर्दी आठवड्यांमागून आठवडे वाढतेय, चांगली बातमी येतेय, तरी भाव पुढे सरकत नाही, तेव्हा मी कान टवकारते. २०१६ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तसंच होतं. गर्दी आहे आणि भावही नवे उच्चांक करतोय, तेव्हा तिच्याविरुद्ध उभं राहण्याची घाई मी कुणाला सुचवणार नाही. अर्थात हेही नेमानं चालतं असं नाही.

तुम्ही शॉर्ट करायला निघाला आहात, म्हणून उलट्या गर्दीचीही आठवण देते. २०१८ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फंड सोन्यात निव्वळ शॉर्ट होते. तेव्हा 'सोनं संपलं' असं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. ११ ऑक्टोबरला शेअर बाजार पडत असताना सोनं एका दिवसात अडीच टक्क्यांच्या वर उसळलं. मंदीवाल्यांची गर्दी अशी सुटते, आणि ती सुटताना शॉर्ट असलेल्याला मार्जिनचा फोन येतो.

अहवालाच्या मर्यादांपैकी एक तुम्हाला आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी सरकारचं कामकाज निधीअभावी ठप्प झालं आणि सीएफटीसीचे आठवड्याचे अहवालही थांबले. २० ऑक्टोबरला सोनं ४,३८० डॉलरच्या आसपास विक्रमी पातळीला गेलं आणि दुसऱ्याच दिवशी, आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं तेव्हा, पाच टक्क्यांहून जास्त आपटलं. गर्दीचा नकाशा सर्वांत जास्त हवा होता तेव्हाच तो उपलब्ध नव्हता. मागचे अहवाल नंतर क्रमाने, कित्येक आठवडे उशिराने आले. २०१८-१९ च्या हिवाळ्यातही असंच झालं होतं. ज्या साधनावर सगळी भिस्त ठेवायची, ते वॉशिंग्टनमधल्या भांडणात बंद पडू शकतं, याची नोंद ठेवा.

आणि सोलापुरातल्या पेढीवरचा भाव हा काही नुसता डॉलरचा भाव नाही. त्यात रुपया आहे, आयात शुल्क आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहावर आलं आणि एका दिवसात एमसीएक्सवर दहा ग्रॅममागे हजारो रुपये उतरले. न्यूयॉर्कच्या फंडांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. उलटही होऊ शकतं: डॉलरमध्ये सोनं चार टक्के पडलं आणि रुपया तेवढाच घसरला, तर तुमचं निदान बरोबर ठरूनही बहिणीच्या पाटल्या स्वस्त होणार नाहीत.

मग करायचं काय? बाबांचं 'सगळं आत्ताच' आणि तुमचं 'काहीच नको', या दोन्हींत मला एकच खोड दिसते, सगळं वजन एका दिवसाच्या भावावर टाकणं. पण दोघांच्या चुकीची किंमत सारखी नाही. बाबांनी घेतल्यावर भाव पडला तर थोडी हळहळ होईल, लग्न ठरल्याप्रमाणे होईल. तुम्ही थांबलात आणि भाव चढला तर ऐनवेळी दहाचे आठ तोळे करावे लागतील किंवा कारखान्याच्या सुताच्या पैशाला हात घालावा लागेल. म्हणून जवळजवळ निम्मं वजन आत्ता घ्या, आणि ते घेताना घडवायला वेळ लागणारे जिन्नस आधी निवडा: पाटल्या, तोडे, मंगळसूत्र. उरलेलं लग्नापर्यंत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, सारख्या वजनाने. शेवटचा हप्ता लग्नाच्या महिनाभर आधी संपवा, कारण अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कारागीर मिळत नाही आणि घडणावळीवर घासाघीसही करता येत नाही.

काही पेढ्या आगाऊ रक्कम घेऊन भाव बांधून देतात. घेतलात तर पावतीवर वजन, कॅरेट, बांधलेला भाव आणि घडणावळ चारही लिहून घ्या. भाव खाली आला तर कमी भाव लागणार का, हे तोंडी नको, तेही पावतीवरच. 'काळजी करू नका, आपलंच दुकान आहे' या वाक्याचा वैशाखात उपयोग होत नाही.

अहवालाचा तुम्हाला उपयोग करायचाच असेल तर या हप्त्यांच्या आत करा. तुमच्या सगळ्या खुणा एकत्र आल्या, म्हणजे नवी खरेदी फुगलेली, व्यापारी मोजके, भाव अडलेला, तर त्या महिन्याचा हप्ता दोन आठवडे पुढे सरकवा. त्याहून जास्त नाही. वाचन चुकलं तर नुकसान दहा-वीस ग्रॅमवर थांबेल, आणि बाबांनाही ते चालेल असं वाटतं.

वायद्याने जोखीम झाकायची असेल तर तुमच्या घरासाठी सौदा खरेदीचा होतो, विक्रीचा नाही. शंभर ग्रॅम लागणार असतील तर गोल्ड मिनीचा एक लॉट खरेदी. तरी मी तो सुचवत नाही. भाव मध्येच उतरला तर तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो, आणि तुमची रोकड सुताच्या आणि कामगारांच्या हप्त्यात फिरत असते. शिवाय हा करार दर महिन्याला संपतो आणि त्यात माल घ्यावा-द्यावा लागतो. डिलिव्हरीचा काळ सुरू होण्याआधी सौदा पुढच्या महिन्यात नेला नाही तर वाढीव मार्जिन आणि नको ती डिलिव्हरी गळ्यात पडते.

शॉर्टची हौस उरलीच, तर ती शंभरावा ग्रॅम घरात आल्यानंतर भागवा. तेव्हा तो सौदा निदान स्वतःच्या पायावर उभा असेल, बहिणीच्या दागिन्यांवर नाही. दहा ग्रॅममागे एक रुपया हलला की गोल्ड मिनीत दहा रुपये हलतात, यावरून किती रुपये घालवायची तयारी आहे ते आधी ठरवा आणि सौदा टाकतानाच स्टॉपलॉस लावा, अहवाल काय म्हणतो त्यावर तो हलवू नका. तोवर एका वहीत प्रत्येक शनिवारी तीन गोष्टी लिहा: फंडांची खरेदी, त्यांची विक्री, आणि त्या मंगळवारचा भाव. शेजारी तुमचा अंदाज आणि तो किती आठवड्यांत खरा ठरायला हवा ते. ही मुदत लिहायला विसरू नका. २०१६ च्या जुलैत 'भाव पडणार' असं लिहिणारा अखेर बरोबर ठरला, पण चार आठवड्यांची मुदत लिहिली असती तर तो चूक ठरला असता.